स्पर्धकांचे विषय आणि आपले विषय: तुलनेची पद्धत कशी रूढ झाली

वाचक गूगलमध्ये नेमकं काय टाइप करून आपल्या लेखावर आला, हे २०११ पर्यंत ब्लॉग चालवणाऱ्याला आपोआप कळत असे. शोधलेले शब्द दुव्यासोबतच यायचे आणि गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये त्यांची यादी दिसायची. एखाद्या लेखावर लोक भलताच प्रश्न घेऊन येताहेत असं दिसलं, की पुढच्या लेखाचा विषय मिळाला. ब्लॉगमध्ये काय राहून गेलंय हे आपलेच वाचक सांगत होते.

ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलने लॉग-इन केलेल्या वापरकर्त्यांचे शोध एन्क्रिप्ट करायला सुरुवात केली. यादीत शब्दांच्या जागी `(not provided)` दिसू लागलं आणि सप्टेंबर २०१३ च्या सुमारास जवळपास सगळेच शोध झाकले गेले. स्पर्धकांच्या विषयांशी तुलना करण्याची पद्धत इतकी रूढ झाली, त्यामागे मला हेच सर्वांत मोठं कारण वाटतं. स्वतःची यादी गेली, तेव्हा लोक बाहेरच्या यादीकडे वळले.

ती बाहेरची यादी सेमरश, एचरेफ्स यांसारख्या साधनांकडे होती. ही साधनं कोट्यवधी शोधशब्द घेतात, प्रत्येकावर गूगल काय दाखवतं ते नोंदवून ठेवतात आणि कोणती साइट कितव्या क्रमांकावर आहे याचा साठा करतात. मग स्पर्धकाच्या यादीतून आपली यादी वजा केली की उरतं ते ‘कंटेंट गॅप’, म्हणजे आपल्या मजकुरातली पोकळी. स्पर्धकाच्या साइटच्या आत यांना काहीच दिसत नाही. भेटींचे आकडे अंदाजाचे असतात आणि ही वजाबाकी विषयांची नसून शब्दांची असते.

पोकळी दिसली की भरायची, या हिशोबाचा शेवट काय होतो हे तोवर दिसून गेलं होतं. अमेरिकेतली डिमांड मीडिया ही कंपनी लोक काय शोधतात, त्यावर जाहिरातीचा दर किती आणि स्पर्धा किती, हे गणित मांडून लेखांची शीर्षकं ठरवायची आणि तुटपुंज्या मानधनावर ते लेख लिहून घ्यायची. जानेवारी २०११ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. फेब्रुवारीत गूगलने उथळ मजकूर खाली ढकलणारा पांडा हा बदल आणला आणि त्याच वर्षी कंपनीच्या ईहाउ या साइटलाही झळ बसली.

मराठीत ही तयार साधनं आणखी तोकडी पडतात, कारण त्यांच्या साठ्यात मराठी शोधशब्द कमी. इथे कामाला येते ती साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यंत्राला वाचता येणारी यादी. गूगलने हा प्रकार २००५ मध्ये आणला आणि ऑगस्ट २०२० मधल्या वर्डप्रेस ५.५ पासून ती यादी आपोआप तयार होते. बहुतेक वर्डप्रेस ब्लॉगच्या पत्त्यापुढे `/wp-sitemap.xml` लिहिलं की ती उघडते. एसईओ प्लगिन असेल तर बहुधा `/sitemap_index.xml`.

समजा, आपला परसबागेवरचा ब्लॉग आहे. तीन स्पर्धकांच्या साइटमॅप उघडल्या की मराठी पत्ते `%E0%A4` अशा चिन्हांत दिसतात. ते डीकोड करून शीर्षकं एका तक्त्यात घ्यायची. मग प्रत्येक शीर्षकासमोर आपण स्वतः विषय लिहायचा: माती, कुंडी, कीड, कलम, पावसाळी निगा. हे हातानेच करावं, कारण फसगत इथेच होते. स्पर्धकाकडे ‘मिलीबग’वर लेख आहे, आपल्याकडे ‘पिठ्या ढेकूण’वर. शब्दांच्या तुलनेत ही पोकळी दिसते, प्रत्यक्षात कीड एकच. दुसरा लेख लिहिला तर आपलेच दोन लेख एकमेकांशी भांडत बसतील.

आपली साइट कोणत्या शोधांवर दिसली, हे गूगल सर्च कन्सोलमध्ये अजूनही काही प्रमाणात दाखवतं; खात्री तिथे करता येते. तिथे ‘मिलीबग’ या शब्दावर आपला जुना लेख तिसऱ्या-चौथ्या पानावर दिसत असेल, तर विषय आहे, तो तोकडा पडतोय; त्याच लेखात तो शब्द आणि हवा असलेला तपशील घालावा. काहीच दिसत नसेल तर मात्र लगेच पोकळी धरू नये. फार थोड्यांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी यादीतून वगळतं, आणि लहान मराठी ब्लॉगचा बराच भाग त्यातच जातो. अशा वेळी `site:` पुढे आपला पत्ता आणि कीड ओळखण्याची खूण, म्हणजे ‘पांढरा कापसासारखा थर’, टाकून आपलंच जुनं लेखन धुंडाळावं.

एवढं गाळून जे उरतं, त्यातही तिघांनी लिहिलेला विषय सगळ्यांत आकर्षक वाटतो. मी तो सगळ्यांत शेवटी घेईन. कोकोपीटवर तिघांचे लेख आहेत, पण वाचल्यावर तेच प्रमाण आणि तोच क्रम दिसतो. इतरांचंच सांगितलेलं पुन्हा सांगणाऱ्या मजकुराबद्दल गूगलने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता. कोकणातल्या जुलैच्या पावसात कोकोपीट भरलेली कुंडी दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात, तेव्हा मिश्रणात ते किती कमी करायचं, हे त्या तिन्ही लेखांत नसेल, तर लिहायचा लेख तो. साइटमॅपच्या तक्त्यात तो कुठेच दिसणार नाही. त्यासाठी ते तीन लेख पूर्ण वाचावे लागतात.