शेकडा वीस, पण कोणत्या शंभरावर?

एक वस्तू 720 रुपयांना विकली, त्यात शेकडा 20 नफा झाला, तर खरेदी किंमत किती? वही तपासताना या प्रश्नाखाली मला वारंवार एकच उत्तर दिसतं: 576. मांडणी नीटनेटकी असते. 720 चे 20 टक्के 144, हा नफा. 720 मधून 144 वजा केले की उरले 576. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर आणि उत्तर मात्र चूक. मुलांना याचा राग येतो आणि तो मला रास्त वाटतो, कारण आकडेमोडीत बोट ठेवायला खरंच कुठे जागा नसते.

मी लगेच लाल रेघ मारत नाही, ताळा करायला सांगते. वस्तू 576 ला घेतली असेल तर तिच्यावर शेकडा 20 नफा किती? 115 रुपये 20 पैसे. म्हणजे ती 691 रुपये 20 पैशांना विकली गेली असती. गणितात तर 720 म्हटलंय. जवळजवळ 29 रुपये कुठून आले, याचं उत्तर त्या मांडणीत नाही. आता 600 घेऊन पाहा. 600 चे 20 टक्के 120, बेरीज 720. हे जुळतं.

चूक समजून घ्यायची तर आधी ‘शेकडा’ या शब्दापाशी थांबायला हवं. शेकडा 20 म्हणजे दर शंभरामागे 20. आता हे शंभर कोणाचे? नफा-तोट्याच्या गणितात संकेत असा आहे की वेगळं काही सांगितलं नसेल तर ते शंभर खरेदीचे. त्यामागचं कारण साधं आहे. व्यवहार खरेदीपासून सुरू होतो, पदरचे पैसे तिथे अडकतात आणि त्या पैशांनी किती कमावून दिलं हे आपल्याला जाणून घ्यायचं असतं. विक्री किंमत नंतर येते आणि तिच्या पोटात नफा आधीच बसलेला असतो.

म्हणून खरेदीचे शंभर भाग कल्पा. त्यावर 20 भाग नफा आला की विक्री 120 भागांची होते. आपल्या 720 चे म्हणजे 120 सारखे भाग करायचे. एक भाग 6 चा. खरेदीचे 100 भाग 600, नफ्याचे 20 भाग 120. ज्याने 720 चे 20 टक्के काढले त्याने नकळत त्याच रकमेचे 120 ऐवजी 100 भाग केले. त्याचा प्रत्येक भाग 7.2 चा झाला, आणि असे 20 मोठे भाग त्याने नफा म्हणून उचलले.

आता तो 144 जरा जवळून पाहू. खरा नफा 120, काढलेला 144, फरक 24. हे 24 म्हणजे 120 चे 20 टक्के. 720 चे 20 टक्के काढताना आपण 600 चे 20 टक्के घेतो आणि वर मिळालेल्या 120 चेही 20 टक्के घेतो. नफ्यावर पुन्हा नफा आकारला जातो. चुकीचा सगळा जीव एवढाच, पण हा फरक दिसला की मुलाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो सूत्र घोकून पडत नाही.

दर लहान असला की ही चूक लपून बसते. 600 ची वस्तू शेकडा 5 नफ्याने 630 ला विकली असेल, तर चुकीच्या रीतीने खरेदी 598.50 येते. दीड रुपयाचा फरक सहज नजरेतून सुटतो. म्हणून मी दर मुद्दाम वाढवत नेते. शेकडा 50 नफ्याने तीच वस्तू 900 ला गेली. चुकीच्या रीतीने 900 मधून 450 गेले आणि खरेदी 450 निघाली. शेकडा 100 नफ्याने 1200 ला गेली, तर 1200 चे 100 टक्के 1200 आणि खरेदी शून्य! दाम दुप्पट झाला याचा अर्थ वस्तू फुकट मिळाली होती असा निघाला. शेकडा 150 धरलं तर खरेदी शून्याच्याही खाली जाते. रीतच मुळातून चुकली आहे हे इथे कुणालाही पटवावं लागत नाही.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त फसवं आहे. दोन वस्तू प्रत्येकी 960 ला विकल्या, एकीवर शेकडा 20 नफा, दुसरीवर शेकडा 20 तोटा. एकूण काय झालं? विक्री किंमत सारखी, दर सारखा, तेव्हा ना नफा ना तोटा, असं बहुतेकांच्या तोंडून निघतं. ते म्हणणं दोन्ही टक्के 960 वर मोजले तरच खरं. पण पहिली वस्तू 800 ची होती, तिच्यावर 160 मिळाले. दुसरी 1200 ची होती, तिच्यावर 240 गेले. एकूण 2000 घातले, 1920 हाती आले. 80 चा तोटा, म्हणजे शेकडा 4. विक्री किंमत आणि दर दोन्ही सारखे असतील तर तोट्याची वस्तू नेहमीच जास्त महाग घेतलेली असते, त्यामुळे तोट्याचे 20 टक्के मोठ्या रकमेवर पडतात. अशा गणितात नफा कधीच होत नाही.

मग विक्री किमतीवर टक्के काढणं हा गुन्हाच आहे का? नाही, आणि हे मुलांना न सांगणं मला अन्यायाचं वाटतं. धंद्याच्या हिशेबात ‘मार्जिन’ म्हणतात ते विक्रीवरच मोजलेलं असतं. रोजच्या विक्रीचा आकडा हाताशी असतो आणि त्यातला किती भाग आपला, हे चटकन कळावं लागतं. खरेदीवर चढवलेल्या टक्क्यांना ‘मार्कअप’ म्हणतात. नफा तोच असला तरी दोन्ही आकडे वेगळे येतात. नफा खरेदीच्या पाव असेल तर तो विक्रीच्या एक पंचमांश असतो, कारण खरेदीचे चार भाग आणि नफ्याचा एक मिळून विक्रीचे पाच होतात. एक तृतीयांश असेल तर विक्रीचा पाव. मार्कअप दोनशे-तीनशे टक्केही होऊ शकतो. मार्जिन मात्र खरेदीला काही तरी मोजलेलं असेल तोवर शंभराला पोचत नाही.

गोंधळ होतो तो एका पायावरचा दर दुसऱ्या पायावर लावल्यामुळे. पायाभूत रक्कम कोणती, ते प्रश्नातल्या शब्दांत शोधायचं. नुसतं ‘शेकडा नफा’ म्हटलं असेल तर खरेदी; ‘विक्रीवर शेकडा नफा’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर विक्री.

सुरुवातीचं 576 आता पुन्हा पाहा. खरेदी 576, नफा 144, विक्री 720. हा व्यवहार होऊच शकत नाही असं नाही. त्यात 144 हे 720 चे 20 टक्के आहेतच. पण 576 चे ते बरोबर 25 टक्के आहेत. प्रश्न ‘शेकडा 25 नफा’ असा असता, किंवा ‘विक्रीवर शेकडा 20’ असा असता, तर त्याच वहीत त्याच उत्तरापुढे मी बरोबरची खूण केली असती.