ऑर्डर मोजायच्या की लाइन? गोदामातल्या कॉस्ट ड्रायव्हरची पार्श्वभूमी

जीएसटीपूर्वी आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागे, आपल्याच डेपोला पाठवलेल्या मालावर लागत नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत. 1 जुलै 2017 नंतर ते कारण उरलं नाही. भिवंडीसारख्या पट्ट्यात मोठी गोदामं वाढली आणि एकाच छताखाली अनेक पार्ट्यांचा माल येऊ लागला. भाडं चौरस फुटांवर वाटता येतं. माल काढणाऱ्या माणसांचा पगार कशावर वाटायचा, हा प्रश्न तिथून टोकदार झाला.

हा प्रश्न सोडवणारी पद्धत त्याआधीची आहे. 1980 च्या दशकात अमेरिकी कारखान्यांत यंत्रं वाढली, थेट मजुरी आक्रसली, तरी वरखर्च मजुरीच्याच तासांवर चढवला जात होता. 1988 च्या सुमारास खर्च कामानुसार वाटण्याच्या पद्धतीसाठी ‘ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग’ हे नाव रुळलं आणि त्याच्यासोबत ‘कॉस्ट ड्रायव्हर’ हा शब्दही पसरला. खरा गुंता या शब्दाचा आहे. खर्च ज्यामुळे होतो ते कारणही ड्रायव्हर, आणि खर्च ज्यावर वाटायचा ते मापही ड्रायव्हर. पुस्तकात दोन्ही एकच वाटतात, गोदामात मात्र वेगळे होतात. पिकिंगचा, म्हणजे ऑर्डरीचा माल काढण्याचा, खर्च माणसाच्या चालण्यामुळे आणि रॅकवरून माल उतरवण्यामुळे होतो. चालणं कोणी मोजत नाही. सिस्टिममध्ये आयते मिळतात ते ऑर्डरींचे आणि लाइनींचे आकडे. ऑर्डरमधली प्रत्येक वेगळी वस्तू म्हणजे एक लाइन.

समजा, एका गोदामात दोन पार्ट्या आहेत. किराणावालीच्या महिन्याला 800 ऑर्डर आणि 32,000 लाइन, ऑनलाइनवालीच्या 3,200 ऑर्डर आणि 8,000 लाइन. पिकिंगचा खर्च 2,40,000 रुपये. बिल, लेबल, ट्रान्सपोर्टची पावती, गेटपास या ऑर्डरमागे एकदाच होणाऱ्या कामांचा खर्च 1,60,000.

‘दोन्ही माल पाठवण्याचीच कामं’ म्हणून हे 4,00,000 एकाच पूलमध्ये, म्हणजे एकाच मापावर वाटायच्या खर्चाच्या गठ्ठ्यात, टाकले आणि ऑर्डरींवर वाटले, तर दर 100 रुपये पडतो. किराणावालीला 80,000 आणि ऑनलाइनवालीला 3,20,000. तोच पूल लाइनींवर वाटला तर दर 10 रुपये, आणि आकडे बरोबर उलटे होतात. किराणावालीला 3,20,000, ऑनलाइनवालीला 80,000. गोदामात एक खोकंही हललेलं नसताना!

पूल वेगळे ठेवले की पिकिंग लाइनीमागे 6 रुपये आणि कागदपत्रं ऑर्डरमागे 40 रुपये पडतात. किराणावालीवर 1,92,000 अधिक 32,000 म्हणजे 2,24,000 येतात, ऑनलाइनवालीवर 48,000 अधिक 1,28,000 म्हणजे 1,76,000. ऑर्डरमागे पाहिलं तर एकीचे 280 रुपये आणि दुसरीचे 55.

म्हणून कामं एकत्र करण्याआधी त्यांची नावं बाजूला ठेवून पार्ट्यांचा वाटा पाहावा. लाइनींत किराणावालीचा वाटा 80 टक्के, ऑर्डरींत 20. इतकं अंतर असेल तर पूल वेगळेच हवेत. बिल आणि गेटपास मात्र खुशाल एकत्र ठेवा, कारण दोन्ही ऑर्डरीमागेच चालतात. वेगळे ठेवले तरी उत्तर तेच येईल, मोजणी तेवढी वाढेल. 1990 च्या दशकात कित्येक ठिकाणी हेच विसरलं गेलं. पूल शेकड्यांनी वाढले, दर महिन्याला माहिती भरायला माणसं कंटाळली आणि पद्धत गुंडाळली गेली. त्यात दोष पद्धतीपेक्षा पूल पाडणाऱ्यांचा जास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाइन हे मापही नेहमी पुरत नाही. किराणावालीची लाइन म्हणजे अख्खं खोकं आणि ऑनलाइनवालीची एक बाटली असेल, तर दोन्ही लाइनींना सारखा वेळ लागत नाही. दोन-तीन दिवस घड्याळ लावून पाहिलं की ते कळतं. फरक मोठा निघाला तर लाइनी सोडून मिनिटांवर यावं लागतं.

2004 मध्ये या पद्धतीची मांडणीच मिनिटांवर आली. त्याआधी ‘कोणत्या कामात किती टक्के वेळ जातो’ असं कामगारांना विचारत, आणि बेरीज नेहमी 100 येई. रिकामा वेळ कोण सांगणार? आपल्या गोदामात पिकिंगची 10 माणसं आहेत. 26 दिवस, 8 तास धरले तर 1,24,800 मिनिटं होतात. चहापाणी, हजेरी वगैरे वजा जाता साधारण 80 टक्के, म्हणजे ढोबळ 1,00,000 मिनिटं हाताशी राहतात. मिनिटाला 2.40 रुपये. दोन्ही पार्ट्यांच्या लाइनीला सरासरी 2 मिनिटं लागत असतील, तर 40,000 लाइनींत 80,000 मिनिटं जातात आणि लाइनीचा दर 4.80 रुपये येतो. आधीच्या 6 रुपयांत न वापरलेल्या मिनिटांचे 1.20 रुपये दडलेले होते, महिन्याचे 48,000. दिवाळीच्या गर्दीसाठी ठेवलेल्या माणसांचे ते असतील, तर ज्या पार्टीमुळे गर्दी होते तिच्याकडून वेगळे मागावेत. तसं नसेल तर ते गोदामवाल्याचे. लाइनीच्या दरात ते बसत नाहीत.