सीटीच्या कागदावरचे CTDIvol आणि DLP

चिपळूण किंवा कुडाळला मुतखड्यासाठी सीटी काढलेला माणूस पुढे रत्नागिरीला नाहीतर कोल्हापूरला जातो, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये डोसचा एक तक्ताही असतो. समजा, त्यात CTDIvol १० mGy आणि DLP ४५० mGy·cm आहे. पहिला आकडा रुग्णाला मिळालेला डोस, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तो मोजणीसाठी वापरतात त्या ॲक्रिलिकच्या एका नळकांड्याला मिळालेला डोस आहे.

रुग्णाचा पहिला सीटी १९७१ साली लंडनमध्ये झाला. तेव्हापासून डोस मोजताना अडचण होती ती विखुरणाऱ्या किरणांची: शरीराच्या एका कापासाठी सोडलेले किरण शेजारच्या कापांतही पोचतात. १९८१ साली अमेरिकेत शोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड सुचवली की एका फेरीचा सगळा डोस, आजूबाजूला सांडलेल्यासकट, गोळा करायचा आणि कापाच्या जाडीने भागायचा. पुढे १०० मिमी लांब, पेन्सिलीसारखा, किरण मोजणारा आयन चेंबर रूढ झाला. तो नळकांड्याच्या मध्यभागी आणि कडेला घालून मोजतात. मध्याला एक तृतीयांश आणि कडेला दोन तृतीयांश वजन देऊन सरासरी काढतात. स्पायरल सीटीत टेबल सरकत राहतं, म्हणून ही सरासरी पिचने, म्हणजे एका फेरीत टेबल झोताच्या रुंदीच्या किती पट सरकलं त्या आकड्याने, भागतात. हाच CTDIvol. त्याला स्कॅनच्या लांबीने गुणलं की DLP. आपल्या उदाहरणात लांबी ४५ सेंमी होती.

नळकांडं डोक्यासाठी १६ सेंमी व्यासाचं, पोटासाठी ३२ सेंमीचं. गोम इथेच आहे. आपला रुग्ण किरकोळ बांध्याचा, पोटाचा सरासरी व्यास २४ सेंमी. लहान देहात किरण आतपर्यंत जास्त पोचतात. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली दिलेल्या तक्त्यात या व्यासाला गुणक सुमारे १.५ आहे, म्हणजे खरा अंदाज १५ mGy. लहान मुलांच्या पोटाच्या स्कॅनमध्ये तर कागदावर १६ लिहिलंय की ३२, हे आधी पाहावं. एकाच स्कॅनचा आकडा १६ सेंमीच्या हिशेबात जवळजवळ दुप्पट दिसतो.

मुतखड्याच्या स्कॅनमध्ये डोस कमी करायला भरपूर वाव असतो, कारण खडा आजूबाजूच्या ऊतींपेक्षा इतका पांढरा दिसतो की प्रतिमा थोडी खरखरीत असली तरी चालते. एक्स-रे ट्यूबचा करंट रुग्णाच्या जाडीनुसार आपोआप ठरवणाऱ्या यंत्रणेला जास्त खरखर चालेल असं सांगितलं की CTDIvol ४ वर येऊ शकतो. स्कॅन यकृताच्या माथ्यापासून न घेता मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंत घेतला, की लांबी ३८ सेंमी. आता DLP १५२, म्हणजे आधीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. रुग्ण मात्र गॅन्ट्रीच्या, म्हणजे यंत्राच्या गोल कड्याच्या, बरोबर मध्यात हवा. तो ट्यूबच्या जवळ असेल तर टोपोग्राममध्ये, म्हणजे स्कॅनआधी आखणीसाठी घेतलेल्या चित्रात, फुगलेला दिसतो, आणि यंत्र त्याला जाड समजून करंट वाढवतं.

एवढं कमी करणं सगळ्यांना लागू नाही. स्थूल माणसात दोन-तीन मिमीचा खडा या खरखरीत हरवतो. पोटदुखीचं कारण खडा नसून अपेंडिक्स किंवा स्वादुपिंड असण्याची शंका असेल, तर ऊतींमधले फरक पुसट असतात आणि हा प्रोटोकॉल अपुरा पडतो. मग कॉन्ट्रास्ट देऊन दुसरा स्कॅन करावा लागतो, आणि एकूण DLP मध्ये दोन्हींची बेरीज होते.