पार्श्वभूमी : बाटलीवरचं ‘मिनरल’ आणि दोन मानकं

दुकानात ‘मिनरल वॉटर’ मागितलं की हातात येणारी बाटली बहुतेकदा मिनरल वॉटरची नसते. बाटलीबंद पाणी मुंबईत १९६५ च्या सुमारास आलं ते याच नावाने, आणि पुढे कायद्याने वेगळं ठरवलं तरी बोलण्यात तेच नाव राहिलं.

फरक ठरवणारी मानकं दोन. नैसर्गिक मिनरल वॉटरसाठी आयएस १३४२८, तर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’साठी आयएस १४५४३. दोन्हींना आयएसआय चिन्हाचं प्रमाणन सक्तीचं झालं २९ मार्च २००१ पासून. पहिल्या प्रकारात झरा किंवा भूजलाचा स्रोत ठरलेला असतो, त्याचं नाव आणि ठिकाण लेबलवर द्यावं लागतं. पाणी गाळता येतं, पण आरओ लावून क्षार काढणं किंवा वरून घालणं चालत नाही. दुसऱ्या प्रकारात पाणी बोअरचं असो की नळाचं, आरओ करून क्षार काढले आणि मोजून परत घातले तरी चालतं. त्यामुळे त्या बाटलीवरचा पत्ता कारखान्याचा असतो. मागचं डोंगराचं चित्र स्रोताबद्दल काहीच सांगत नाही.

२००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांवरून गदारोळ झाला आणि मर्यादा कडक झाल्या. पण लेबलवरचे आकडे वाचताना त्याहून महत्त्वाचा बदल नंतरचा आहे. आरओने पाणी फारच क्षारहीन होतं म्हणून पॅकेज्ड पाण्यात लिटरमागे कॅल्शियम २० ते ७५ आणि मॅग्नेशियम १० ते ३० मिलिग्रॅम असावं, असं ठरलं. आता ‘अ‍ॅडेड मिनरल्स’ ही ओळ खास गुण म्हणून छापली जाते, प्रत्यक्षात ती नियमाची पूर्तता असते.

समजा लेबलवर कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १० आहे. कॅल्शियमला अडीचने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून बेरीज केली की कठीणपणा मिळतो : ५० अधिक ४१, म्हणजे ९१. पाणी मध्यम कठीण म्हणायचं. दिवसाला दोन लिटर प्यायलात तर कॅल्शियम मिळेल ४० मिलिग्रॅम. एक कप दूध याच्या कितीतरी पट देतं. म्हणून २० आणि ३० मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. चवीत मात्र फरक जाणवतो. टीडीएस मीटरने तुलना करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तो विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज देतो, जंतूंबद्दल काही सांगत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये या पाण्यावरची प्रमाणनाची सक्ती काढली गेली आणि लगेच नोव्हेंबरमध्ये त्याला जास्त जोखमीच्या अन्नगटात टाकलं गेलं. तपासणी वाढली म्हणून ग्राहकाचं नुकसान नाही, असं समर्थन होतं. पण आयएसआय चिन्हाने बाटलीवर दिसणारी ओळख ऐच्छिक झाली, ती भरून काढणारी तपासणी मात्र लेबलवर दिसत नाही. बाटलीवरचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक कारखाना नोंदलेला आहे एवढंच सांगतो.