स्टाफचा विरोध आहे, की त्यांना अजून कळलेलंच नाही?
नवी कामाची पद्धत आणणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑफिसची पद्धत बदलायचं ठरलं की आम्ही सर्वात आधी एक तक्ता मागतो. प्रकल्प व्यवस्थापनात तो रुळलेला आहे आणि एका कागदावर मावतो. बदलाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाचं नाव एका ओळीत लिहायचं आणि पुढे पाच रकाने काढायचे: अनभिज्ञ, विरोधात, तटस्थ, बाजूने, पुढाकार घेणारा. माणूस आज जिथे आहे तिथे ‘आ’ आणि तो जिथे असायला हवा तिथे ‘ह’. दोन अक्षरांमध्ये जे अंतर दिसतं, तेवढंच आपलं काम.

तक्ता सोपा आहे. चूक होते ती ‘आ’ कुठे लिहायचा यात.

उदाहरणाला नागपूरजवळच्या वाडीतलं एक घाऊक वितरकाचं ऑफिस घेऊ. पुढे ऑफिस, मागे गोडाऊन, संध्याकाळी चंद्रपूर-यवतमाळच्या गाड्या. (हे कोणा एका ग्राहकाचं चित्र नाही, दोन-तीन ठिकाणचं मिळून केलंय.) जुनी पद्धत अशी: सेल्समन फोन करतो, हिशेब बघणारे काका चिठ्ठीवर सही करतात, स्टोअरकीपर माल सोडतो, बिल मागाहून बनतं. नव्या पद्धतीत ऑर्डर ॲपवर येणार, पार्टीची उधारीची मर्यादा तपासली जाणार, मंजुरी मिळाल्यावरच माल हलणार आणि बिल गाडीसोबत जाणार. मालकांनी भरून आणलेला तक्ता असा होता:

| कोण | अनभिज्ञ | विरोधात | तटस्थ | बाजूने | पुढाकार |
|---|---|---|---|---|---|
| स्टोअरकीपर | | आ | | ह | |
| हिशेबाचे काका | | | आ | ह | |
| सेल्समन | | | | आ ह | |
| मालक | | | | | आ ह |

स्टोअरकीपरला ‘विरोधात’ टाकण्याचं कारण विचारलं, तर तो ट्रेनिंगला आला नाही, एवढंच. आम्ही त्याला बाजूला बसवून तीन गोष्टी विचारल्या. नेमकं काय बदलणार? कधीपासून? तुमच्या रोजच्या कामातलं काय बंद होणार? पहिल्याचं उत्तर अर्धवट आलं, बाकी दोन्हींचं आलंच नाही. त्याच्यापर्यंत पोचला होता तो व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज, त्यात ट्रेनिंगची तारीख आणि एक लिंक. म्हणजे त्याचा ‘आ’ अनभिज्ञ रकान्यात हवा. या दोघांसाठी करायचं काम वेगळं असतं. ज्याला माहितीच नाही त्याला समजावून सांगावं लागतं. ज्याला माहीत असून नको आहे, त्याचं ऐकून घ्यावं लागतं, त्याला तीच माहिती पुन्हा दिली तर तो आणखी चिडतो.

पुढचा टप्पा मालकांना सर्वात जड जातो. अनभिज्ञ माणसाला नीट सांगितलं की तो बहुतेक वेळा आधी विरोधात जातो. रकान्यांचा क्रमही तसाच आहे. आपल्या हातून काय जाणार आहे, हे त्याला तेव्हाच कळतं. स्टोअरकीपरला कळल्यावर तो म्हणाला, “साहेब, तुमचं ॲप चांगलंच असन. पण संध्याकाळी गाडी लागून राहते, मागं नेट मिळत नाही, काका सहाला घरी जातात. मंजुरी कोणाला मागू?” मालकांना हे नाटक वाटलं. आमच्या लेखी तो पहिलाच कामाचा आक्षेप होता, कारण त्यात वेळ होती, जागा होती, माणूस होता. “हे चालणार नाही” एवढंच कोणी म्हणालं तर अजून विचारत राहायचं. “सहानंतर चालणार नाही” म्हणालं, तर पद्धत तपासायची.

इथे पद्धतच बदलावी लागली. गोडाऊनच्या मागच्या भागात वायफाय ओढलं. सहानंतरच्या मंजुरीसाठी दुसरा माणूस नेमला. तरीही अडलं तर नंबर छापलेली तातडीची चिठ्ठी, दिवसाला तीनच, आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत तिची ॲपवर नोंद. चौथी लागली तर मालकांना फोन. मर्यादा नसती तर महिन्याभरात सगळा माल चिठ्ठीवरच निघाला असता.

काकांचं अवघड होतं. ते काही बोलत नव्हते म्हणून त्यांना ‘तटस्थ’ लिहिलं होतं. पण कोणत्या पार्टीला किती उधार द्यायचं हे इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यामुळेच ऑफिसात त्यांना मान होता. ॲप तेच काढून घेणार होतं. अशा माणसाला सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये विचारू नका, तो “ठीक आहे” म्हणेल आणि जुनी वही चालू ठेवेल. त्यांच्या टेबलाशी मालकांनी स्वतः बसायचं, कन्सल्टंटने नाही. उधारीच्या मर्यादा काकांनीच ठरवाव्यात, आणि त्या बदलायचा अधिकार त्यांच्याच लॉगिनला असावा, असं ठरलं. हे मन राखण्यासाठी केलेलं नव्हतं, त्यांच्याइतकं त्या पार्ट्यांबद्दल कोणालाच माहीत नव्हतं.

सुरुवातीची तारीखही त्यांनाच विचारावी. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची मुदत ११ तारीख आणि जीएसटीआर-३बीची २०. या दिवसांत हिशेबाच्या माणसापुढे नवं सॉफ्टवेअर ठेवलं तर तटस्थही विरोधात जातो. २१ नंतर सुरू करा, आणि मार्च महिना सोडूनच द्या.

आता तक्त्यातली शेवटची ओळ. मालकांनी स्वतःला ‘पुढाकार’ दिला होता. पण एखाद्या जुन्या पार्टीचा फोन आला की तेच गोडाऊनला सांगत, “अरे सोड ती गाडी, मंजुरी उद्या बघू.” असे दोन फोन झाले की स्टाफ समजून घेतो, नवी पद्धत फक्त आपल्यासाठी आहे. आम्ही त्यांचा ‘आ’ तटस्थमध्ये सरकवला. त्यांना राग आला, पण फोन बंद झाले. सेल्समनही ‘बाजूने’ होते ते उधारीची मर्यादा कळेपर्यंतच. त्यांचा ‘आ’ दुसऱ्या आठवड्यात मागे न्यावा लागला.

म्हणून हा तक्ता दर पंधरा दिवसांनी नव्याने भरायचा, आणि माणूस काय बोलतो त्यावर नाही, काय करतो त्यावर. जुनी वही अजून लिहिली जाते का? तातडीच्या चिठ्ठ्या कमी होतायत का? स्टोअरकीपर स्वतःहून सेल्समनला “आधी ॲपवर टाक” म्हणू लागला, तेव्हा आम्ही त्याचा ‘आ’ बाजूने नेला. जुनी आणि नवी पद्धत सोबत चालवायची तर जुनीची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा, नाहीतर लोक दोनदा काम करून वैतागतात आणि नेमकी नवीच सोडतात.

सगळ्यांना पुढाकार घेणारे बनवायच्या मागे लागू नका. हमालांनी आणि ड्रायव्हरांनी तटस्थ राहून बिलाशिवाय गाडी हलवली नाही, तरी पुरे. आणि बदलामुळे कोणाची नोकरी जाणार असेल, तर हा तक्ता उपयोगाचा नाही. ती गोष्ट आधी त्या माणसाला स्पष्ट सांगा, त्याच्याकडून पाठिंब्याची अपेक्षा ठेवू नका. निर्णय पक्का झाला असेल तर “तुमचं मत काय?” असंही विचारू नका. काय ठरलंय आणि काय अजून बदलता येईल, हे वेगवेगळं सांगा.

पहिल्या भेटीला येताना नावांची यादी, सध्याच्या पद्धतीतली एक खरी चिठ्ठी किंवा फाईल, आणि तुमच्या ऑफिसात सर्वात जास्त घाई कधी असते ती वेळ, एवढं घेऊन या. तक्ता आपण सोबत बसून भरू. तो तुमच्या कपाटात ठेवा, टेबलावर नको, कारण आपल्या नावापुढे ‘विरोधात’ लिहिलेलं कोणी वाचलं तर तो रकाना पुसणं फार कठीण होतं.