पार्श्वभूमी : गरोदरपणातील पपई आणि कच्च्या-पिकल्याची सीमारेषा

सातारा-सांगली पट्ट्यात एखाद्या घरात दिवस गेल्याची बातमी कळली की पहिली बंदी पपईवर येते, दुसरी अननसावर, आणि मग घराघरानुसार तीळ, बाजरी, वांगे, शेपू यांची नावे त्या यादीत वाढत जातात. ही यादी एकसंध पुरातन आहे असे मानले जाते, परंतु तिच्यातील दोन मुख्य फळांना तो मान देता येत नाही. पपई आणि अननस ही दोन्ही अमेरिका खंडातील झाडे आहेत आणि ती आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर आली. त्यामुळे चरक-सुश्रुतांनी पपई वर्ज्य सांगितली हा दावा टिकत नाही. जुन्या ग्रंथांत गर्भिणीसाठी अति उष्ण आणि अति तीक्ष्ण आहार टाळण्याचे सांगितले आहे. पपई आल्यानंतर तिला ‘उष्ण’ गटात टाकले गेले आणि आधीचा नियम तिला आपोआप लागू झाला. इथवर ही वर्गीकरणाची गोष्ट आहे.

पपईच्या बाबतीत मात्र वर्गीकरणापलीकडे आणखी एक कारण होते. भारतात गर्भपात १८६० च्या दंडसंहितेने गुन्हा ठरवला होता आणि १९७१ चा कायदा १९७२ मध्ये अमलात येईपर्यंत तो जवळजवळ सर्वस्वी लपूनछपूनच होत असे. या लपवाछपवीत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या जुन्या याद्यांत कच्च्या पपईचे नाव येते. म्हणजे सासूबाईंच्या पिढीने ऐकलेली भीती हवेतून आलेली नाही. ती चिकाने भरलेल्या कच्च्या फळाची होती. पुढे घडले ते असे की भीती फळाच्या नावाला चिकटली आणि अवस्था गळून पडली. ‘कच्ची पपई खाऊ नको’ याचे ‘पपई खाऊ नको’ झाले. या गळतीला कोणी जबाबदार धरता येणार नाही, पण गेल्या काही दशकांत तिची दुरुस्ती न करता तीच बंदी छापील सल्ल्यांत उतरवली गेली, याला मात्र जबाबदारी आहे.

प्रयोगशाळेतील पुरावा थोडा आहे आणि तो मुख्यतः उंदरांवरचा आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. १९७८ मध्ये भारतातील एका संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या कामात कच्ची पपई दिलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये गर्भ पडल्याचे नोंदवले गेले आणि फळ जसजसे जास्त पिकत गेले तसतसा हा परिणाम कमी होत गेल्याचेही त्यातच नमूद होते. २००२ मध्ये सिंगापूर येथून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा प्रश्न अधिक नेटकेपणाने मांडला. त्यात गाभण माद्यांना पिकलेल्या पपईचा रस पिण्यास दिला गेला आणि गर्भाशयात रुजलेल्या व जिवंत राहिलेल्या गर्भांची संख्या साधे पाणी पिणाऱ्या माद्यांच्या तुलनेत लक्षणीयरीत्या वेगळी आढळली नाही. दुसऱ्या भागात उंदराच्या गर्भाशयाचे वेगळे काढलेले तुकडे घेऊन त्यांवर पिकलेल्या फळाचा रस आणि कच्च्या फळाचा चीक वेगवेगळे टाकून पाहिले. रसाने आकुंचन झाले नाही. चिकाने मात्र तीव्र आकुंचन झाले आणि ते कळा आणणाऱ्या संप्रेरकांनी होणाऱ्या आकुंचनासारखे होते. संशोधकांनी निष्कर्षही तसाच जपून काढला: पिकलेली पपई नेहमीच्या प्रमाणात खाण्यात मोठा धोका दिसत नाही, परंतु कच्ची किंवा अर्धवट पिकलेली, म्हणजे चिकाचे प्रमाण जास्त असलेली पपई असुरक्षित असू शकते.

या निष्कर्षानंतरच खरा वाद सुरू होतो, आणि तो प्रयोगशाळेतील नसून सल्ल्याचा आहे. काही तज्ज्ञांनी ‘कच्ची टाळा, पिकलेली चालेल’ असा सल्ला स्वीकारला. इतरांनी, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना हाताशी धरून दिल्या जाणाऱ्या कित्येक सूचनांनी, ‘पपई पूर्ण बंद’ असाच सोपा सल्ला ठेवला. त्यांचा युक्तिवाद असा की सामान्य माणसाला अर्धवट पिकलेले फळ ओळखता येत नाही, मग जोखीम कशाला घ्यायची. हा युक्तिवाद वरवर सावध वाटतो, परंतु पपई पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्यांच्या जिल्ह्यात तो फारसा पटत नाही, कारण कच्च्या-पिकल्याची हीच रेषा शेतकरी दर तोडणीला आखत असतो.

पपईच्या फळाच्या सालीत चिकाच्या बारीक नलिका असतात आणि कच्च्या फळावर नखाने ओरखडा काढला की पांढरा, दुधासारखा घट्ट चीक वाहतो. या चिकात पपेन आणि त्याच्या कुळातील, प्रथिने तोडणारी विकरे असतात. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा लगदा लावतात तो याचमुळे. फळ पक्व होऊ लागते तसा चीक पातळ, पाण्यासारखा होत जातो आणि पुरते पिकल्यावर तो जवळजवळ दिसेनासा होतो. तोडणीची वेळ ठरवताना बागायतदार दोन खुणा पाहतात: फळाच्या टोकाकडे पिवळसर पट्टा उमटला आहे का, आणि ओरखड्यातून येणारा चीक पातळ झाला आहे का. दूरच्या बाजारासाठी फळ पहिला पट्टा दिसताच, म्हणजे बहुतांशी हिरवे असतानाच उतरवले जाते, कागदात गुंडाळून पेटीत भरले जाते आणि वाटेत किंवा गोदामात पिकते.

त्यामुळे ग्राहकाला हातात मिळते ते फळ नेमके कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचे उत्तर बंदी हे नाही. सालीचा बहुतांश भाग पिवळा-नारिंगी झालेला असावा, अंगठ्याने हलके दाबल्यावर फळ सर्वत्र सारखे दबले पाहिजे, देठाजवळ ओरखडा काढल्यावर पांढरा चीक येता कामा नये, आणि कापल्यावर गर पूर्ण रंगलेला व बी काळे असावे. साल पिवळी पण गर टणक आणि फिकट असेल तर फळाला रंग आला आहे, ते पिकलेले नाही. कॅल्शियम कार्बाइडने घाईत पिकवलेल्या फळात हे वारंवार दिसते आणि या कारणासाठी कार्बाइड वापरण्यास देशात बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवण्यास ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. असे टणक फळ गरोदर बाईने त्या दिवशी बाजूला ठेवावे, एवढे सांगणे पुरेसे होते.

शिजवलेल्या कच्च्या पपईबद्दल मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही. भाजी चांगली उकळली की विकरे बऱ्याच अंशी निकामी होतात, आणि टुटीफ्रुटी बनवताना कच्च्या पपईचे तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवून, उकळून मग पाकात टाकले जातात, त्यामुळे तिच्यात चीक उरण्याचे कारण नाही. तरीही गरोदर स्त्रियांवर असा प्रयोग कोणी केलेला नाही आणि तो करणे योग्यही नाही. म्हणून कच्च्या पपईची भाजी, कोशिंबीर आणि लोणचे नऊ महिने टाळण्याचा सल्ला राहू द्यावा. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी आहे त्यांना पपईच्या चिकाचीही होऊ शकते, ही मात्र गरोदरपणाशी संबंध नसलेली वेगळी बाब आहे.

बंदी इतकी चिवट का राहिली, हे एका नेहमी घडणाऱ्या प्रसंगावरून समजते. वाळवा तालुक्यातील एखाद्या पहिलटकरणीची पाळी चुकली, तपासणी झाली आणि पाळीच्या तारखेवरून नववा आठवडा चालू असताना तिने शेतातली पिकलेली पपई खाल्ली असे धरू. चार दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो आणि घरात सगळ्यांच्या नजरा त्या पपईकडे वळतात. सोनोग्राफीत गर्भाची लांबी ८ मिलिमीटर भरते आणि ठोके दिसत नाहीत. ही लांबी साडेसहा ते सात आठवड्यांच्या गर्भाची असते. याचा अर्थ वाढ सुमारे दोन आठवड्यांपूर्वीच थांबली होती; पपई खाल्ली त्या दिवशी गर्भ आधीच निर्जीव होता आणि शरीराने तो बाहेर टाकायला उशीर केला. ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भ असेच आपोआप पडतात, त्यांतील बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत, आणि सुरुवातीच्या अशा गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. इतक्या वारंवार घडणाऱ्या गोष्टीच्या आधीच्या आठवड्यात कोणते ना कोणते फळ खाल्लेले असतेच. ज्यांनी पपई खाल्ली आणि काही झाले नाही, त्यांची आठवण कोणी ठेवत नाही. सोनोग्राफीतील हा हिशेब घरच्यांना समजावून सांगितला जात नाही तेव्हा दोष सुनेच्या जिभेवर येऊन पडतो.

अननसाचा खटला त्यामानाने हलका आहे. त्यातील ब्रोमेलेन हे विकर प्रामुख्याने झाडाच्या बुंध्यात असते आणि औषधासाठी ते तेथूनच काढले जाते. फळात ते कमी असते आणि डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने नष्ट होते. फळाच्या अर्काने वेगळ्या काढलेल्या गर्भाशयाच्या तुकड्यात आकुंचन झाल्याचे प्रयोग आहेत, परंतु खाल्लेला अननस पोटात पचून मग रक्तात जातो, तो थेट गर्भाशयावर ओतला जात नाही. दोन-चार फोडींनी गर्भ पडतो असा माणसांतील पुरावा नाही. जळजळ आणि आंबटपणामुळे तोंड येणे हा त्रास मात्र खरा आहे, आणि गरोदरपणातील मधुमेह निघाला असेल तर अननस काय आणि पिकलेली पपई काय, प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तीळ आणि बाजरी यांची गोष्ट उलटी आहे, कारण तेथे बंदीचा तोटा मोजता येतो. देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचे २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय पाहणीत दिसले आहे. बाजरी आणि तीळ ही दोन्ही लोह देणारी, आपल्याच रानातली पिके आहेत आणि स्वयंपाकातील नेहमीच्या प्रमाणात त्यांनी गर्भाला अपाय होतो असे दाखवणारा माणसांतील अभ्यास नाही. संक्रांतीला पहिलटकरणीला तिळगुळाचा खडाही न देणारी घरे आजही आहेत. त्याच घरांत लोहाच्या गोळ्या ‘गरम पडतात’ म्हणून फडताळात राहतात. बंदीच्या यादीत जे असायला हवे ते मात्र नसते. गोठ्यातून आलेले न उकळलेले दूध ब्रुसेला आणि लिस्टेरिया या जंतूंचे वाहन ठरू शकते, आणि लिस्टेरियाने गर्भ दगावू शकतो हे सिद्ध आहे. दुभत्या जनावरांच्या या भागात ताजे, निरसे दूध पोटुशीला पौष्टिक म्हणून दिले जाते. आठवड्याला भरपूर कलेजी खाण्याचा सल्लाही असाच आहे, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्वाचे प्रमाण पहिल्या तिमाहीत गर्भाला घातक पातळीपर्यंत जाऊ शकते. पिकलेल्या पपईतील कॅरोटीन तसे करत नाही, कारण शरीर त्याचे अ जीवनसत्त्व गरजेपुरतेच बनवते.