पंधराव्या रांगेतल्या दोन जास्तीच्या खुर्च्या

दहावीच्या बीजगणितात, अंकगणिती श्रेढीच्या प्रकरणात, सभागृहाचं एक गणित आहे. खुर्च्यांच्या २७ रांगा. पहिलीत २० खुर्च्या, दुसरीत २२, तिसरीत २४, असं पुढे. पंधराव्या रांगेत किती खुर्च्या आणि सभागृहात एकूण किती? उत्तरं आहेत ४८ आणि १२४२. पण पहिल्या प्रश्नाला ५० लिहिणारी मुलं कुठल्याही वर्गात सापडतात, आणि ती काही ढ नसतात. त्यांनी २० मध्ये पंधरा वेळा २ मिळवलेले असतात. त्यावर आपला ठरलेला इलाज म्हणजे "सूत्र नीट पाठ कर, n नाही, n वजा एक!" मूल ते पाठ करतं, आणि परीक्षेत घाई झाली की 'वजा एक' गळून पडतो.

माझं म्हणणं असं, की ही चूक पाठांतराची नाहीच. ती चित्राची आहे, आणि ती दुरुस्त करायची तर फळ्यावर सूत्र येण्याआधी एक जिना आणि एक सभागृह आलं पाहिजे. त्याच क्रमानं.

जिना आधी घ्यायचा, कारण तो मराठवाड्यातल्या प्रत्येक मुलाच्या पायाखालचा आहे. माळवदाच्या जुन्या घरात अंगणातून वर जाणारा भरीव जिना आठवा. तो विटांचा बांधायचा असं समजू. मालासकट एक वीट ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि ३ इंच उंच धरली आणि जिना ३ फूट रुंद असला, तर पायरीच्या एका थरात आठ विटा शेजारी शेजारी बसतात. पायरीची उंची ६ इंच म्हणजे दोन थर. म्हणून पहिल्या पायरीला १६ विटा. दुसरी पायरी दुप्पट उंच आणि खालून भरीव, म्हणजे तिला ३२. तिसरीला ४८. दहावीला किती, असं विचारलं की मुलं क्षणात १६० सांगतात, आणि ते बरोबर असतं.

इथंच सापळा आहे. मुलांनी दहा गुणिले सोळा केलं. हे जमलं, कारण या जिन्यात पहिलं पद आणि दर पायरीला होणारी वाढ दोन्ही १६ च आहेत. जमिनीपासून सुरुवात केली तर पहिल्या पायरीवरसुद्धा आपण एक वाढ चढलेलोच असतो, त्यामुळे पायरीचा क्रमांक आणि वाढींची संख्या सारखी येते. जिन्यावरच थांबलेल्या वर्गात 'पंधरावं म्हणजे पंधरा वेळा' हे डोक्यात पक्कं होतं. मग २० ला सुरू होणारं सभागृह समोर आलं की तेच पंधरा तिथं जाऊन बसतात. ५० हे उत्तर असं जन्माला येतं.

आता खुर्च्या. पण त्याआधी वेगळीच एक अडचण सोडवावी लागते. गावात सप्ताह असो नाहीतर लग्न, मांडवातल्या खुर्च्या सरळ रांगेत लागतात. प्रत्येक रांगेत सारख्याच. मागे जाताना रांग दोन खुर्च्यांनी का वाढावी, हे ज्या मुलानं पंख्यासारखं पसरलेलं नाट्यगृह पाहिलेलं नाही त्याला कळत नाही. त्याच्या लेखी ते दोन गुरुजींनी हवेतून काढलेले असतात.

म्हणून मैदानावर जायचं, एक खुंटी ठोकायची, सुतळी बांधायची आणि फक्कीनं चाप काढायचे. खुंटी म्हणजे रंगमंचाच्या बाजूचा मध्य. पूर्ण वर्तुळ नको, त्याचा सहावा हिस्सा पुरे. सुतळी एक मीटरनं लांबवली की पूर्ण वर्तुळाचा परीघ २ × ३.१४ म्हणजे ६.२८ मीटरनं वाढतो, मग सुतळी आधी दोन मीटर असो की वीस. त्याचा सहावा हिस्सा साधारण १०५ सेंटिमीटर. एका बैठकीला ५० सेंटिमीटर जागा धरली तर प्रत्येक नव्या रांगेत बरोबर दोन माणसं जास्त मावतात. पहिली रांग २० जणांची, म्हणजे १० मीटर लांब, हवी तर सुतळी साडेनऊ मीटर घ्यावी लागते. मुलं स्वतः चापावर दाटीवाटीनं बसतात, पुढच्या चापावर सरकतात, आणि दोन जागा रिकाम्या राहतात. श्रेढीतला सामान्य फरक d तो हाच. परीघ त्रिज्येच्या पटीत वाढतो आणि रांगांमधलं अंतर सारखं असतं, म्हणून तो फरक रांगेगणिक बदलत नाही.

चौकस पोरगी इथं विचारतेच, "सर, ते वरचे पाच सेंटिमीटर कुठं गेले?" ते साचत जातात. दहा-अकरा रांगांनंतर त्यातून आणखी एक खुर्ची बसण्याइतकी जागा होते. खऱ्या सभागृहात तिथं कुणी एक खुर्ची वाढवेल, कुणी वाटेला जागा सोडेल. पुस्तकातली २०, २२, २४ ही त्या सभागृहाची नीटनेटकी केलेली प्रत आहे, हे मुलांना सांगायला काहीच हरकत नाही.

मग वर्गात येऊन रांगा एकाखाली एक लिहायच्या, पण बेरीज न करता. पहिल्या ओळीत २०. दुसरीत २० + २. तिसरीत २० + २ + २. चौथीत किती दोन आहेत? तीन. पहिलीत? एकही नाही. ही 'एकही नाही' फळ्यावर दिसली पाहिजे, म्हणून शेजारी आणखी एक रकाना आखायचा: रांगेचा क्रमांक १, २, ३, ४ आणि मिळवलेले दोन ०, १, २, ३. पंधराव्या रांगेसमोर काय येणार ते मुलं सांगतात. १४ वेळा २ म्हणजे २८, त्यात २०, झाले ४८. आता पहिल्या पदासाठी a आणि रांगेच्या क्रमांकासाठी n अशी अक्षरं आणली तरी चालतील:

t_n = a + (n − 1)d

ताळा करायची युक्तीही इथंच हाती येते. सूत्राबद्दल शंका आली की n च्या जागी १ ठेवायचा. a + nd लिहिलं असेल तर पहिल्याच रांगेत २२ खुर्च्या येतात आणि चूक आपणहून उघडी पडते.

राहिली एकूण खुर्च्यांची बेरीज. इथं मला चौकटीच्या वहीचा कागद आणि कात्री लागते. छोटी श्रेढी घ्या: ४, ७, १०, १३, १६. एका ओळीत चार चौकटी, तिच्याखाली सात, अशा पाच ओळी डाव्या कडेला लावून रंगवा. उजवीकडे पायऱ्या दिसतील. तसाच दुसरा तुकडा कापून उलटा फिरवा आणि पहिल्याच्या पायऱ्यांना भिडवा. चार चौकटींसमोर सोळा येतात, सातासमोर तेरा, दहासमोर दहा. प्रत्येक ओळ २० चौकटींची, आणि एक अखंड आयत तयार. पाच ओळी, १०० चौकटी. आपल्या त्यातल्या निम्म्या, ५०.

आयत का झाला? कारण खाली सरकताना एक तुकडा तीन चौकटींनी वाढतो आणि दुसरा तितक्याच कमी होतो. वाढ असमान असती तर? १, २, ४, ७ घेऊन पाहा. उलटा तुकडा लावल्यावर ओळी ८, ६, ६, ८ येतात आणि मध्ये भोकं राहतात. (जाता जाता: १, २, ८, ९ ही श्रेढी नाही, तरी तिच्या ओळी १०, १०, १०, १० येतात, कारण तिच्या वाढी १, ६, १ पुढूनमागून सारख्या आहेत. पण पहिली तीनच पदं घ्या, आयत मोडतो. कुठेही थांबलं तरी आयत होण्याची हमी फक्त समान फरक देतो. हे पहिल्या वाचनात डोक्यावरून गेलं तर खुशाल पुढे जा.)

आयताची रुंदी पहिलं अधिक शेवटचं पद, उंची n, आणि त्याचं निम्मं. S_n = (n/2)[2a + (n − 1)d] या सूत्रात तो n/2 कुठून येतो, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. सभागृहाची सत्ताविसावी रांग ७२ खुर्च्यांची. २० आणि ७२ मिळून ९२, अशा २७ ओळींचं निम्मं १२४२.

रांगा विषम असल्या तर आणखी सोपी वाट आहे. मधली, म्हणजे चौदावी रांग ४६ ची. २७ × ४६ म्हणजे तेच १२४२. घराच्या जिन्याला पायऱ्या विषमच हव्यात, नाहीतर लक्ष्मी टिकत नाही, असं सांगणारे वास्तुवाले आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. विषम पायऱ्यांचा मला दिसलेला फायदा एवढाच, की मधली पायरी सापडते आणि विटांची बेरीज तोंडी होते.

मधल्या पदाची ही रीत नवी नाही. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात ती आहे आणि त्याच श्लोकात पहिल्या-शेवटच्या पदाची रीतही आहे. ११५० च्या लीलावतीत भास्कराचार्य आधी अंत्यधन म्हणजे शेवटचं पद काढायला सांगतात, त्यात मुख म्हणजे पहिलं पद मिळवून अर्धं केलं की मध्यधन, त्याला पदांच्या संख्येनं गुणलं की सर्वधन, म्हणजे एकूण बेरीज. केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी तर आर्यभटीयावरच्या भाष्यात पायऱ्यांच्या दोन आकृत्या जोडून आयत केला आहे. शाळकरी गाऊसनं १ ते १०० ची बेरीज झटक्यात केल्याची गोष्ट वर्गात जरूर सांगावी, पण ती सांगून थांबू नये.

चित्राला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. १०, ८, ६, ४… या श्रेढीची किती पदं घेतली की बेरीज २८ होईल? सूत्रातून वर्गसमीकरण येतं आणि n ची दोन उत्तरं निघतात, ४ आणि ७. मुलं सवयीनं एक खोडतात. सभागृहाचं गणित असतं तर ते बरोबरच होतं. उणे दोन खुर्च्यांची रांग नसते. पण नुसत्या संख्यांना अशी अट नाही. इथं मी परभणीकडच्या मुलांना बारव आठवायला सांगतो. पायऱ्या जमिनीपर्यंत उतरतात आणि तिथं न थांबता खाली जातात. चार पदांनंतर पुढची तीन २, ० आणि −२. जमिनीवरचे दोन आणि जमिनीखालचे दोन एकमेकांना खातात, बेरीज २८ च राहते, आणि दोन्ही उत्तरं खरी ठरतात. कात्री-कागद मात्र इथं कामाचा नाही, कारण −२ चौकटींचा तुकडा कापता येत नाही. इथून पुढे अक्षरांचंच काम.